मेकर की टेकर: शेकडा तीन पैशांच्या फरकाने क्रिप्टो ट्रेडरचे गणित कसे पालटते

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपचा हिशोब दिवसा सांभाळणारा माझा एक मित्र रात्री नऊनंतर बिटकॉइनच्या पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये ट्रेड करतो. अमेरिकेचा बाजार तोवर उघडलेला असतो, हालचाल मिळते, आणि साडेअकरापर्यंत तो चार-पाच सौदे उरकतो. त्याची पद्धत वाईट नाही. एन्ट्री ठरलेली, स्टॉप ठरलेला, टार्गेट ठरलेले. तरीही खाते महिन्यामागून महिना थोडे थोडे खाली जात होते. फी किती जाते असे विचारल्यावर म्हणाला, "किरकोळ रे, शेकडा पाच पैसे." हे पाच पैसे त्याच्या पद्धतीचे काय करतात, ते कागदावर मांडल्यावर सगळा उलगडा झाला. तोच हिशोब इथे पायरीपायरीने देतो. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण खरे आहे.

आधी एक गोष्ट बाजूला करू. हा लेख फ्युचर्सबद्दल आहे. भारतात राहून स्पॉटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष नाणे घेऊन-विकून, रोज पाच सौदे करणाऱ्यासाठी मेकर-टेकरचा प्रश्न गौण ठरतो. 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस कापला जातो. सव्वासहा लाखांच्या शंभर विक्री झाल्या की सव्वासहा लाख रुपये टीडीएसमध्ये अडकतात. पाच लाखांच्या खात्यात ते आणायचे कुठून? शिवाय 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. फी हा खर्च म्हणूनही वजा होत नाही. पुढे येणारे उदाहरण स्पॉटमध्ये केले असते, तर निव्वळ जिंकलेल्या सौद्यांवर 56,160 रुपये कर बसला असता आणि जिंकलेले-हरलेले मिळून फीच्या आधीचा नफा होता 50,000. रुपयांत सेटल होणाऱ्या फ्युचर्समध्ये नाण्याचे हस्तांतरण होत नाही, म्हणून बरेच जण ते उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवतात. तुमच्या बाबतीत काय लागू होते, यावर आपल्या सीएचे लेखी मत घ्या.

मेकर कोण, टेकर कोण

ऑर्डर बुकमध्ये तुमची ऑर्डर आली आणि समोर आधीपासून थांबलेल्या ऑर्डरशी लगेच जुळली, तर तुम्ही टेकर. जुळली नाही, बुकमध्ये थांबून राहिली आणि नंतर कोणीतरी येऊन तिच्याशी सौदा केला, तर तुम्ही मेकर. ऑर्डर मार्केट होती की लिमिट, यावर हे ठरत नाही. विक्रीचा सर्वात खालचा भाव 100 असताना तुम्ही 101 ची खरेदी लिमिट टाकली, तर ती तत्काळ 100 ला जुळते आणि तुम्ही टेकर ठरता. एकाच ऑर्डरचा काही भाग टेकर आणि उरलेला मेकर असेही होते. लिमिट लावली म्हणजे कमी फी, असे धरून चालणारे बरेच जण इथेच फसतात.

एक्सचेंज मेकरला कमी फी लावते, कारण थांबलेल्या ऑर्डरींवरच त्याचा बाजार उभा असतो. 2016 मध्ये बिटमेक्सने बिटकॉइनचे पर्पेच्युअल सुरू केले. तिथे टेकरकडून 0.075 टक्के घेत आणि मेकरला उलट 0.025 टक्के देत. आज सामान्य ग्राहकाला पैसे परत मिळणे दुर्मीळ झाले आहे. फ्युचर्समध्ये पहिल्या पायरीवर मेकरला 0.02 आणि टेकरला 0.05 टक्के, किंवा त्याच्या आसपास, असा दर अनेक ठिकाणी दिसतो. म्हणजे शेकडा दोन पैसे आणि शेकडा पाच पैसे. भारतीय एक्सचेंजवर या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. तो धरला नाही तर हिशोब सुरुवातीलाच चुकतो.

पायरी 1: आपण खरोखर किती देतो ते काढा

फीचे दरपत्रक बाजूला ठेवा. एक्सचेंजच्या ट्रेड हिस्टरीतून मागच्या महिन्याची फाइल उतरवून घ्या. ऑर्डर हिस्टरी चालणार नाही, कारण प्रत्येक तुकडा किती भावाला, किती फी देऊन आणि कोणत्या भूमिकेत भरला गेला, हे ट्रेड हिस्टरीतच असते. फाइलमध्ये `Maker` किंवा `Taker` अशी नोंद असलेला रकाना शोधा. तो नसेल तर फीला सौद्याच्या रकमेने भागा. दोन पैशांच्या जवळ आले तर मेकर, पाच पैशांच्या जवळ आले तर टेकर. जीएसटी वेगळ्या रकान्यात आहे की फीमध्येच मिळवलेला, हेही एका ओळीवर हाताने करून पाहा.

मग एवढे एकच गणित करा: महिन्याची सगळी फी भागिले महिन्याची सगळी उलाढाल. खरेदी आणि विक्री या दोन्ही बाजू उलाढालीत धरायच्या. माझ्या मित्राचे उत्तर जीएसटीसह 0.059 टक्के आले, म्हणजे पूर्ण टेकर दर. तो एन्ट्रीला लिमिट वापरत होता, पण भाव निसटू नये म्हणून ती चालू भावाच्या किंचित पुढे लावत होता. त्यामुळे जवळपास प्रत्येक ऑर्डर लगेच जुळत होती.

पायरी 2: फी टक्क्यांत मोजू नका, आर मध्ये मोजा

आर म्हणजे एका सौद्यात स्टॉप लागला तर जाणारी रक्कम. मित्राचे खाते पाच लाखांचे. एका सौद्यात अर्धा टक्का, म्हणजे 2,500 रुपये, गमावायची तयारी. हा त्याचा एक आर. स्टॉप एन्ट्रीपासून 0.4 टक्के दूर. म्हणून सौद्याचा आकार 2,500 भागिले 0.4 टक्के, म्हणजे 6,25,000 रुपये.

फी लागते ती या सव्वासहा लाखांवर, आत येताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. दहापट लिव्हरेजवर मार्जिन फक्त 62,500 अडकले आहे, म्हणून फीही तेवढ्यावरच लागेल असे मनात कुठेतरी बसलेले असते. गुजरीत दागिन्याची मजुरी वजनावर लागते, तुम्ही आगाऊ किती ठेवले त्यावर नाही, तसेच हे. लिव्हरेज वाढवल्याने फी रुपयांत वाढतही नाही आणि घटतही नाही. ती सौद्याच्या आकाराला बांधलेली असते, आणि आकार ठरतो स्टॉपच्या अंतरावर.

त्यातूनच या लेखातले सर्वात महत्त्वाचे सूत्र निघते:

```
फी (आर) = (येतानाचा दर % + जातानाचा दर %) × 1.18 ÷ स्टॉपचे अंतर %
```

दोन्ही बाजूंनी टेकर असाल तर (0.05 + 0.05) × 1.18 म्हणजे 0.118 टक्के. भागिले 0.4 केले की 0.295 आर. याचा अर्थ प्रत्येक सौद्यात, जिंका वा हरा, जोखमीच्या रकमेपैकी जवळजवळ तीस टक्के फीत जातात. रुपयांत 737.50. महिन्याला शंभर सौदे धरले तर 73,750 रुपये. पाच लाखांच्या खात्यातून दर महिन्याला पावणेपंधरा टक्के! आणि हाच माणूस फीला किरकोळ म्हणत होता, कारण स्क्रीनवर त्याला शेकडा पाच पैसेच दिसत होते.

सूत्रातला भाजक नीट पाहा. स्टॉप 1.2 टक्के असता तर तीच टेकर फी 0.098 आर झाली असती, म्हणजे एक तृतीयांश. दर तोच, एक्सचेंज तेच. जितका लहान स्टॉप, तितका त्याच जोखमीसाठी मोठा सौदा, आणि तितकी फी जड. एक मिनिटाच्या चार्टवर 0.15 टक्क्यांचा स्टॉप ठेवणाऱ्याला टेकर फी 0.79 आर पडते. त्या फीला पुरून उरेल अशी पद्धत सामान्य ट्रेडरच्या हाती असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

पायरी 3: फीशिवायची एक्स्पेक्टन्सी वेगळी काढा

एक्स्पेक्टन्सी म्हणजे एका सौद्यामागे सरासरी किती आर पदरात पडतात ते. आधी फी पूर्ण बाजूला ठेवून काढा, नाहीतर पद्धत वाईट आहे की खर्च जड आहे, हे कधीच कळणार नाही.

मित्राचे टार्गेट 0.6 टक्के, म्हणजे दीड आर. शंभरातले 48 सौदे टार्गेटला जातात, 52 स्टॉपला. 48 गुणिले 1.5 म्हणजे 72 आर आले, 52 गेले, उरले 20. सौद्यामागे 0.20 आर. रुपयांत महिन्याला 50,000. पद्धतीत दम आहे, एवढे यावरून म्हणता येते. किती खात्रीने, ते शेवटी पाहू.

आता यातून टेकर फी वजा करा. 0.20 उणे 0.295, म्हणजे उणे 0.095 आर. शंभर सौद्यांत साडेनऊ आर, म्हणजे 23,750 रुपयांचा तोटा. पद्धत पन्नास हजार कमावते आणि फी पाऊण लाखाच्या घरात नेते. खाते हळूहळू का झिरपत होते, त्याचे उत्तर हेच.

हेच दुसऱ्या बाजूने पाहिले तर जास्त बोचते. फी नसती, तर दीड आरच्या टार्गेटला ना नफा ना तोटा यायला 40 टक्के सौदे जिंकणे पुरेसे होते. दोन्हीकडे टेकर असाल तर 51.8 टक्के जिंकावे लागतात. अंदाज बरोबर येण्याचे प्रमाण जवळपास बारा टक्के-अंकांनी वाढवायचे, तेही फक्त फी फेडण्यासाठी.

पायरी 4: तीन ऑर्डरींचा स्वतंत्र निर्णय घ्या

एका सौद्यात तीन ऑर्डरी असतात: एन्ट्री, टार्गेट आणि स्टॉप. मेकर व्हायचे की टेकर, हे तिन्हींसाठी वेगवेगळे ठरवायचे.

टार्गेट सर्वात सोपे. एन्ट्री भरली की लगेच टार्गेटच्या भावाला `Reduce Only` लिमिट लावून ठेवा. भाव तिथे चालत येतो आणि तुम्ही मेकर म्हणून बाहेर पडता. काही ॲपमध्ये टार्गेटसाठी दिलेली सोय आतून मार्केट ऑर्डर पाठवते. भाव टार्गेटला पोचतो, तुम्हाला हवा तो नफा दिसतो, पण फी टेकरची लागते. पायरी 1 च्या फाइलमध्ये जिंकलेल्या सौद्यांची बाहेर पडतानाची ओळ तपासली की हे पकडता येते. तसे असेल तर ती सोय सोडा आणि स्वतःची लिमिट लावा.

स्टॉप टेकरच ठेवा. इथे तीन पैसे वाचवण्याचा मोह होतो: स्टॉप-मार्केटऐवजी स्टॉप-लिमिट लावावी, ट्रिगर झाल्यावर ती बुकात थांबेल आणि मेकर दर लागेल. ती थांबते खरी, पण भाव तिला ओलांडून निघून जातो आणि तुम्ही अडकता. 10 ऑक्टोबर 2025 ला, आपल्याकडे शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर, बाजार असा कोसळला की सगळ्या एक्सचेंजवर मिळून चोवीस तासांत 19 अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे सौदे जबरदस्तीने बंद केले गेले. अशा वेळी न भरलेला स्टॉप म्हणजे एक आरचा तोटा आठ-दहा आरचा होणे. स्टॉपवर मेकर होऊन वाचतात ते आपल्या उदाहरणात 0.09 आरसुद्धा नाहीत. त्यासाठी खाते पणाला लावू नये.

एन्ट्री हा खरा वादाचा भाग. मेकर म्हणूनच आत जायचे असेल तर लिमिटला `Post Only` ची खूण करा. ऑर्डर लगेच जुळणार असेल तर एक्सचेंज ती रद्द करते, त्यामुळे चुकूनही टेकर दर लागत नाही. एपीआय वापरणाऱ्यांसाठी बायनान्स फ्युचर्सवर हेच असे लिहितात:

```
type=LIMIT
timeInForce=GTX
```

एन्ट्री मेकर, टार्गेट मेकर, स्टॉप टेकर अशी मांडणी केली की जिंकलेल्या सौद्याची फी 0.118 आर होते आणि हरलेल्याची 0.2065 आर. 48 आणि 52 च्या प्रमाणात सरासरी 0.164 आर. एक्स्पेक्टन्सी आता अधिक 0.036 आर. शंभर सौद्यांत 3.6 आर, म्हणजे 9,000 रुपये. लागणारे जिंकण्याचे प्रमाणही 51.8 वरून 46.6 टक्क्यांवर उतरते. पद्धत तीच, चार्ट तोच, फक्त दोन ऑर्डरींची जात बदलली आणि तोट्याचे खाते नफ्यात आले.

बरेचसे मार्गदर्शन इथेच थांबते. पण कागदावरच्या या नफ्यात एक भोक आहे.

पायरी 5: न भरलेल्या ऑर्डरी मोजा

तुम्ही खरेदीची लिमिट चालू भावाला किंवा किंचित खाली लावून थांबला आहात. आता दोनच शक्यता आहेत. भाव खाली आला तर ऑर्डर भरते. खाली न येताच वर निघाला तर भरत नाही.

स्टॉप तुमच्या लिमिटच्या खाली असतो. म्हणजे जो सौदा स्टॉपला जाणार आहे, त्याचा भाव तुमच्या लिमिटमधून गेल्याशिवाय स्टॉपपर्यंत पोचूच शकत नाही. ऑर्डर उभी असेपर्यंत हरणारा प्रत्येक सौदा तुम्हाला मिळणारच. निसटतात ते फक्त जिंकणारे, आणि त्यातलेही सर्वात जोरदार, जे एकदाही मागे वळून पाहत नाहीत. त्यात रांगेचीही भर पडते. एका भावाला आधी लागलेली ऑर्डर आधी भरते. तुम्ही शेवटी आला असाल तर भाव तुमच्या पातळीला नुसता शिवून गेल्याने भरणार नाही. तुमच्या पुढची सगळी रांग संपेल एवढी विक्री आल्यावरच भरेल. म्हणजे बाजार तुमच्या विरुद्ध ढकलत असताना.

आता शंभर सिग्नलचा हिशोब पुन्हा मांडू. निसटलेला प्रत्येक जिंकणारा सौदा 1.5 उणे 0.118, म्हणजे 1.382 आर घेऊन जातो. कागदावरचा नफा होता 3.6 आर. शंभरात असे फक्त तीन सौदे निसटले की नफा संपला. आठ निसटले तर 40 जिंकलेले आणि 52 हरलेले उरतात: 60 उणे 52 म्हणजे 8 आर, त्यातून 15.46 आर फी, हाती उणे 7.46. दोन्हीकडे टेकर राहून उणे 9.5 येत होते. अवघ्या दोन आरचा फरक राहिला. दहा निसटले की मेकर टेकरपेक्षाही वाईट ठरतो.

म्हणून एक वही किंवा शीट ठेवा. प्रत्येक सिग्नलची एक ओळ, सौदा झाला असो वा नसो. वेळ, सिग्नलच्या क्षणीचा भाव, लिमिट, भरली की नाही, आणि न भरलेल्यांच्या बाबतीत भाव पुढे टार्गेटला गेला की स्टॉपला. हा शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी सकाळी चार्ट पाहून भरला तरी चालतो. एक्सचेंजच्या कोणत्याही अहवालात ही माहिती मिळत नाही, कारण जो सौदा झालाच नाही त्याची नोंद त्यांच्याकडे सौदा म्हणून नसते. तुमच्या आकड्यांसाठी सीमारेषा अशी काढा:

```
निसटणे परवडेल ते सौदे (शंभरात) = टेकर राहून लागणारी फी − मेकर होऊन लागणारी फी
                                ÷ एका जिंकलेल्या सौद्याची निव्वळ कमाई
```

पहिली वजाबाकी आधी करा, भागाकार नंतर. दोन्ही फी शंभर सौद्यांच्या, आर मध्ये. मित्रासाठी 29.5 उणे 16.4, म्हणजे 13.1, भागिले 1.382, उत्तर साडेनऊ. शंभरात नऊपर्यंत जिंकणारे सौदे निसटले तरी त्याला मेकर होणे टेकर होण्यापेक्षा बरे. मात्र नफ्यात राहायचे असेल तर सीमा दोनची आहे. या दोन सीमा वेगळ्या आहेत आणि दोन्ही लिहून ठेवायला हव्यात.

न भरलेल्या ऑर्डरीचा पाठलाग हा यातला सर्वात महागडा प्रकार. भाव वर सरकला, लिमिट वर घेतली, पुन्हा सरकला, पुन्हा घेतली, आणि शेवटी वैतागून मार्केट मारले. भाव 0.1 टक्का वर गेल्यावर आत शिरलात आणि स्टॉप-टार्गेट चार्टवर जागच्या जागी राहिले, तर टार्गेट उरले 0.5 टक्के आणि स्टॉप झाला 0.5 टक्के. दीड आरचा सौदा एक आरचा झाला आणि वर टेकर फी. मी मित्राला सुचवलेला नियम असा: लिमिट एकदाच हलवायची, तीही 0.03 टक्क्यांच्या आत; त्यापुढे सिग्नल सोडायचा आणि वहीत नोंद करायची.

पायरी 6: कोणत्या सिग्नलला कोणती ऑर्डर

महिनाभराची वही पाहिल्यावर त्याला दिसले की निसटलेले सौदे सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. त्याच्याकडे दोन प्रकारचे सिग्नल होते. एक, भाव ठरावीक पट्ट्यात फिरत असताना खालच्या कडेला खरेदी. दुसरा, पट्टा फोडून भाव वर निघाला की त्याच्या मागे जाणे. पट्ट्यातल्या खरेदीत भाव आपणहून लिमिटकडे येतो, जवळपास सगळ्या ऑर्डरी भरतात. ब्रेकआउटमध्ये चांगला सौदा मागे येतच नाही. जो येतो तो बहुधा फसलेला ब्रेकआउट असतो.

त्यामुळे सगळ्यांना एकच नियम लावणे चुकीचे ठरले असते. पट्ट्यातल्या सौद्यांना `Post Only` चालते आणि 0.4 टक्क्यांचा स्टॉपही निभावतो. ब्रेकआउटला टेकर म्हणूनच जावे लागते. मग ती फी पेलेल एवढा स्टॉप आणि एवढे टार्गेट असलेलेच ब्रेकआउट घ्यायचे. त्याने तिथे स्टॉप 1.2 टक्के आणि टार्गेट त्याच प्रमाणात लांब केले. सौद्याचा आकार आपोआप 2,08,000 च्या आसपास आला आणि दोन्हीकडून टेकर राहूनही फी 246 रुपये, म्हणजे 0.098 आर झाली. असे सिग्नल रोज मिळत नाहीत, सौदे कमी होतात. शिवाय मोठ्या स्टॉपवर जिंकण्याचे प्रमाण 48 टक्केच राहील असे गृहीत धरता येत नाही. ते नव्याने मोजायला हवे. सौदे लांबले की फंडिंगही, म्हणजे खरेदीवाले आणि विक्रीवाले ठरावीक वेळी एकमेकांना देतात ते पैसेही, मध्ये येते. बऱ्याच ठिकाणी ते दर आठ तासांनी, आपल्या वेळेने पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊला आकारले जाते. रात्री नऊला सौदा घेणाऱ्याने साडेनऊचा दर आधी पाहून ठेवावा.

पायरी 7: फीच्या पायऱ्या चढायच्या का

एक्सचेंज मागच्या तीस दिवसांची उलाढाल पाहून दर कमी करतात. मित्राची उलाढाल महिन्याला साडेबारा कोटी होते: सव्वासहा लाख येताना, तेवढेच जाताना, शंभर वेळा. समजा पुढची पायरी 40 कोटींवर आहे आणि तिथे मेकर 0.016, टेकर 0.04 टक्के आहे. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या एक्सचेंजचे दरपत्रक काढून तेच इथे टाका.)

त्या पायरीवर त्याची सरासरी फी 0.164 वरून 0.131 आरवर येईल. शंभर सौद्यांत साधारण 3.3 आर, म्हणजे 8,200 रुपये वाचतील. पण तिथे पोचायला साडेसत्तावीस कोटींची जादा उलाढाल लागेल, म्हणजे आणखी 220 सौदे. त्याच्याकडे सिग्नल शंभरच आहेत. उरलेले 220 सौदे सिग्नलशिवाय घेतले, तर फीशिवायची त्यांची एक्स्पेक्टन्सी शून्य धरली तरी प्रत्येकामागे 410 रुपये फी. बेरीज 90,200. आठ हजारांच्या सवलतीसाठी नव्वद हजार. आणि ती पायरी टिकवायला पुढच्या महिन्यात हेच पुन्हा करावे लागणार, कारण मोजणी रोज मागच्या तीस दिवसांची होते.

पायरी आपल्या नेहमीच्या सौद्यांतूनच मिळत असेल तर घ्यावी. सीमेपासून तुम्ही पाच-सात टक्के दूर असाल तर एक्सचेंज बदलून सगळी उलाढाल एका जागी आणता येते का, हे पाहावे. रेफरलची सवलत किंवा एक्सचेंजच्या नाण्यात फी भरल्यास मिळणारी सूट ही उलाढाल न वाढवता मिळते, म्हणून ती आधी पदरात घ्या. पण त्या सूटीसाठी नाणे फार मोठ्या प्रमाणात साठवू नका. त्याचा भाव पडला तर वाचलेली फी त्यात जाते.

खात्री किती धरायची

शंभर सौद्यांवरून काढलेल्या 0.20 आरला मी फार घट्ट धरत नाही. दीड आर आणि उणे एक आर अशा निकालांत एका सौद्याचा चढउतार सुमारे सव्वा आरचा असतो. शंभर सौद्यांच्या सरासरीत त्यामुळे 0.125 आरची चूक सहज बसते, आणि त्याच्या दुप्पट चूकही नवलाची नाही. म्हणजे मित्राची खरी धार 0.20 असेल, 0.35 असेल किंवा शून्याच्या जवळही असेल. चारशे सौद्यांवर ही चूक निम्मी होते, 0.06 च्या आसपास येते. फी मात्र पहिल्या सौद्यापासून अचूक ठाऊक असते. त्यामुळे खर्चाचा निर्णय आज घेता येतो आणि धारेबद्दलचा निर्णय चारशे ओळी भरल्यावर घ्यायचा. तोवर त्याने एक आर 2,500 वरून 1,000 वर आणला आहे. फी रुपयांत त्याच प्रमाणात कमी झाली. आर मध्ये ती तेवढीच आहे, म्हणून मोजणी बिघडत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो तीन आकडे काढतो: उलाढालीवर प्रत्यक्ष पडलेला फीचा दर, पट्ट्यातल्या सिग्नलांपैकी निसटलेले जिंकणारे सौदे, आणि दोन्ही प्रकारांची फीशिवायची एक्स्पेक्टन्सी, वेगवेगळी. पट्ट्यातल्या सौद्यांचा दर 0.033 टक्क्यांच्या फार वर दिसला, तर कुठेतरी मेकर समजून टेकर फी जाते आहे हे त्याला कळते. मग तो ट्रेड हिस्टरीत त्या आठवड्याच्या ओळी उघडून बसतो.